गड्ड्याच्या आठवड्यात पॅकिंग बंद: नोटिशीत डिस्पॅचच्या तारखा कशा टाकायच्या

प्रश्न: "नमस्कार, मी सोलापूरहून चादरी, टॉवेल, नॅपकिन ऑनलाइन विकते. व्हॉट्सॲप, इन्स्टा आणि एका मोठ्या साइटवर. रोज १५ च्या आसपास ऑर्डरी असतात, मी आणि नणंद मिळून दिवसाला ३० पार्सल पॅक करतो. गड्ड्यासाठी, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेसाठी, सोमवार १२ ते रविवार १८ जानेवारी बंद ठेवणार आहे. मागच्या वर्षी 'यात्रेनिमित्त दुकान बंद राहील' एवढं टाकलं होतं तरी लोकं भांडली. नोटीस छोटीच हवी, पण नवीन तारखा नेमक्या कशा काढायच्या आणि कशा लिहायच्या?"

ताई, लोकं बंद ठेवल्यामुळं भांडत नाहीत हो. सणासुदीला दुकान बंद असतं हे सगळ्यांना कळतं. भांडतात ते अशासाठी, की नोटीस वाचून "माझं पार्सल कधी निघणार" याचं उत्तर सापडत नाही. "१२ ते १८ बंद" हे तुमचं वेळापत्रक झालं. नागपूरच्या बाईनं १० तारखेला रात्री पैसे टाकले तर तिचं पार्सल १९ ला निघणार का २३ ला, हे तिला त्यातून कसं कळणार? ती आपली १९ धरून चालते आणि २० ला सकाळी तुम्हाला मेसेज येतो. उघडायचा दिवस आणि पार्सल निघायचा दिवस एक नसतो, सगळी भांडणं या दोघांच्या मधल्या तीन-चार दिवसांत होतात.

आता मी सांगतोय ते तयार मालाला लागू आहे, म्हणजे कपाटात घडी घालून ठेवलेली चादर, शिलाई झालेले नॅपकिन. नाव किंवा लोगो विणून द्यायची चादर असेल तर तिची तारीख तुमच्या हातात नसतेच, कारखाना कधी चालू होतो आणि डिझाइन लूमवर कधी चढतं त्यावर ती ठरते. ती या नोटिशीत घालूच नका, "नाव विणून हवं असेल तर तारीख विचारून मगच पैसे पाठवा" एवढं वेगळं सांगा. आणि नॅपकिनची शिलाई बाहेरून करून घेत असाल तर त्या मावशी कधी येणार हे आधी विचारून घ्या, कारण त्यांच्याही घरी गड्डाच असतो.

आधी बंद व्हायची बाजू बघू, कारण बरेच जण फक्त उघडायच्या तारखेचा विचार करतात. तुम्ही १२ ला बंद करताय पण शेवटचं पार्सल ११ ला निघणार नाही, ११ ला रविवार आहे, कुरिअरचा पिकअप नसतो. म्हणजे शेवटचा पिकअप शनिवार १० चा. बरं, मग शनिवारी दुपारपर्यंतच्या ऑर्डरी घ्यायच्या का? इथंच घोळ होतो. नोटीस टाकली की नोटिशीमुळंच गर्दी होते, जे लोक आठवडाभर "बघू, घेऊ" करत होते ते शेवटच्या दिवशी उडी मारतात. माझ्याकडं शेवटच्या दिवशी नेहमीच्या दोन-तीन पट तरी ऑर्डरी येतात. तुमच्या १५ च्या हिशोबानं गुरुवार रात्र ते शुक्रवार दुपार एवढ्यात ४०-४५ धरा. शुक्रवारी अर्ध्या दिवसात १५ पॅक होतील, शनिवारी ३०, झाले ४५. म्हणजे तुमची शेवटची वेळ शुक्रवार ९ जानेवारी दुपारी १२, त्याच्या पुढं नाही. शनिवारची वेळ लिहिलीत तर पन्नास-साठ पार्सलं डोक्यावर येतील, ३० जातील आणि बाकीची आठवडाभर घरात पडून राहतील, त्या लोकांना तर तुम्ही "बंद व्हायच्या आधी निघेल" असं सांगून बसलेल्या असाल.

आणि "ऑर्डर केलेल्या" असं लिहू नका, "पेमेंट झालेल्या" असं लिहा. "ताई मला दोन सेट ठेवा" ही ऑर्डर नव्हे. नाहीतर ११ वाजता "ठेवा" म्हणायचं, रात्री साडेअकराला पेमेंटचा स्क्रीनशॉट पाठवायचा आणि दुसऱ्या दिवशी म्हणायचं की मी तर वेळेतच सांगितलं होतं. असे लोक प्रत्येक गावात असतात.

आता उघडायची बाजू. ९ च्या दुपारनंतर ऑर्डरी थांबत नाहीत, कमी होतात. नोटीस नीट असली तर रोजच्या १५ च्या जागी १० धरा. शुक्रवारचा उरलेला अर्धा दिवस ५, शनिवार १०, रविवार १०, झाल्या २५. मग १२ ते १८ सात दिवसांच्या ७०. म्हणजे सोमवारी १९ ला सकाळी कुलूप काढाल तेव्हा ९५ पार्सलं थांबलेली असतील. हा आकडा मागच्या वर्षीच्या चॅटवरून एकदा तपासून घ्या, तुमच्याकडं तो ८० निघेल नाहीतर १२०, पण पद्धत हीच.

१९ ला ३० पॅक होणार नाहीत. सकाळ सगळी मेसेज वाचण्यात, पेमेंट जुळवण्यात, अर्धवट पत्ते विचारण्यात जाते. "पुणे, कोथरूड, मंदिराजवळ" असा पत्ता आणि पिनकोडच नाही, असली चार-पाच तरी निघतातच. पहिल्या दिवशी १५ धरा. मंगळवारी ३०, बुधवारी ३०, गुरुवारी ३०. बेरीज करत चला: सोमवारी १५, मंगळवारपर्यंत ४५, बुधवारपर्यंत ७५, गुरुवारपर्यंत १०५. ९५ वं पार्सल गुरुवारी २२ ला निघतं. नोटिशीत मात्र शुक्रवार २३ लिहा. एक दिवस हातात ठेवायचाच, टेप संपतो, पिकअपवाला संध्याकाळी येतो म्हणून येत नाही, नणंदेच्या पोराला ताप येतो. दोन दिवस जास्त टाकू नका पण, फार लांबची तारीख बघून लोक ऑर्डरच करत नाहीत.

सुरुवातीची तारीखही १९ नको, २० लिहा. सोमवारी तुम्ही १५ पॅक कराल आणि पिकअप झाला तर ती सोमवारीच निघतील, ग्राहक खूश. पण आठवडाभर तुमच्या पत्त्यावरनं काही निघालेलं नसतं, पहिल्या दिवशी पिकअपवाला येईलच याची खात्री नसते. लवकर निघालं तर कुणी भांडत नाही.

आता १९ पासून ज्या नव्या ऑर्डरी येतील त्या या ९५ च्या मागं उभ्या राहतात, हे लक्षातच येत नाही कुणाच्या. १९ ला रोजच्यासारख्या १५ आल्या तर त्यांचे नंबर ९६ ते ११०, म्हणजे त्या गुरुवार-शुक्रवारी निघणार. बुधवारच्या शुक्रवार-शनिवारी. आणि शुक्रवारी २३ ला आलेल्यांपैकी काही शनिवारी बसतील, काही राहतील, मग २५ ला रविवार आणि २६ ला सोमवार, प्रजासत्ताक दिन, पिकअप नाही. त्या थेट मंगळवारी २७ ला. रविवारी-सोमवारी घरात बसून पॅक करून ठेवलंत तर २७ ला सगळा साठा एकदम निघतो आणि तिथून पुढं तुमचं नेहमीचं "दुसऱ्या दिवशी डिस्पॅच" परत सुरू. म्हणजे सात दिवसांच्या सुट्टीचा परिणाम ९ ते २७ पर्यंत चालतो. नोटिशीत हे सगळं लिहायचं नाही, पण "१९ पासून सगळं नेहमीसारखं" असं खोटंही लिहायचं नाही.

यात एक गोष्ट अशी आहे की जी फक्त याच आठवड्यात येते, ती म्हणजे वाण. नॅपकिन विकताय म्हणजे संक्रांतीला हळदीकुंकवाच्या ऑर्डरी येत असणार, २५-५० नगाच्या. संक्रांत १४ ला, पण हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं आणि यंदा रथसप्तमी रविवारी २५ तारखेला आहे. ज्या बाईनं १८ ला ५० नॅपकिन मागवले तिचं पार्सल २३ ला निघालं तर ते रथसप्तमी झाल्यावर पोचणार, मग तिला त्या नॅपकिनचा काय उपयोग? ती परतच करणार, आणि ५० नॅपकिनचा जाण्यायेण्याचा खर्च तुमच्या गळ्यात. म्हणून ही एक ओळ नोटिशीत पाहिजेच: वाण हवं असेल तर ९ च्या आत. माझ्या मते अख्ख्या नोटिशीतली सगळ्यात कामाची ओळ हीच आहे, कारण बाकी ग्राहक चार दिवस उशीर सहन करतात, वाणाचा ग्राहक करू शकत नाही.

तर नोटीस अशी होईल:

"सिद्धेश्वर यात्रेनिमित्त सोमवार १२ ते रविवार १८ जानेवारी आमचं पॅकिंग बंद राहील.
शुक्रवार ९ जानेवारी दुपारी १२ पर्यंत पेमेंट झालेली पार्सलं शनिवार १० पर्यंत सोलापुरातून निघतील.
त्यानंतर १८ पर्यंत आलेल्या ऑर्डरी मंगळवार २० ते शुक्रवार २३ या दिवसांत, आलेल्या क्रमानं निघतील.
१९ ते २३ मधल्या नव्या ऑर्डरी मंगळवार २७ पर्यंत निघतील.
हळदीकुंकवाचं वाण रथसप्तमीच्या आधी हवं असेल तर कृपया ९ च्या दुपारच्या आतच मागवा.
सोलापुरातून निघाल्यावर पोचायला कुरिअरचे नेहमीचे दिवस लागतील."

सहा ओळी. यापेक्षा कमी करायच्या तर पहिली ओळ छोटी करा, तारखांना हात लावू नका. तारखेबरोबर वार लिहा, लोकांच्या डोक्यात वार असतो, आणि तारीख टाइप करताना चुकली तर वारावरून तुम्हालाच कळतं. "निघेल" आणि "मिळेल" यात गल्लत होऊ देऊ नका. सोलापुरातून पार्सल कधी निघतं ते तुमच्या हातात, पुढचं कुरिअरच्या. पिकअप झाल्याशिवाय कुणाला "पाठवलं" म्हणूही नका. नुसतं लेबल काढून ट्रॅकिंग नंबर दिला की ग्राहकाला वाटतं निघालं, आणि तीन दिवस ट्रॅकिंग हलत नाही म्हटल्यावर तो शंका घेणारच.

"गड्डा" न लिहिता "सिद्धेश्वर यात्रा" लिहिलंय कारण बेळगाव-हैदराबादपलीकडच्या ग्राहकाला गड्डा म्हणजे काय ते कळणार नाही, आणि समजावत बसायचीही गरज नाही. नंदीध्वज, अक्षता, होम मैदान यांचे फोटो इन्स्टावर जरूर टाका, लोकांना आवडतात, पण नोटिशीच्या चित्रात नको, फोटो बघून लोक तारखा वाचतच नाहीत. साधा पांढरा बॅकग्राउंड आणि मोठी अक्षरं. आणि चित्राबरोबर खाली मजकूर म्हणूनही तेच टाइप करा, म्हणजे ग्राहकाला शोधता येतं आणि तुम्हाला कॉपी करून उत्तर देता येतं.

पुढच्या वर्षी हीच नोटीस नुसता वर्ष बदलून टाकू नका बरं का. संक्रांत १५ ला आली की यात्रेचे दिवसही एकेक दिवस पुढं जातात, आणि वार तर बदलतातच. कॅलेंडर समोर घेऊन परत मांडायचं.

नोटीस कधी टाकायची तर शेवटच्या वेळेच्या साधारण आठवडाभर आधी, म्हणजे शुक्रवारी २ ला. महिनाभर आधी टाकली तर विसरतात, दोन दिवस आधी टाकली तर वाणवाल्यांना वेळ मिळत नाही. मग बुधवारी ७ ला परत, आणि ९ ला सकाळी एकदा. व्हॉट्सॲपचं स्टेटस २४ तासांत जातं त्यामुळं ते रोज टाकायला लागतं. ब्रॉडकास्ट ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो आणि एका यादीत २५६ च लोक बसतात, म्हणून "सगळ्यांना पाठवलं" असं समजू नका. इन्स्टावर पोस्ट पिन करा.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये `Away message` आहे, त्यात `Custom schedule` निवडून ९ च्या दुपारपासून १८ च्या रात्रीपर्यंत लावा आणि मजकुरात तिसरी ओळ आणि वाणाची ओळ एवढंच ठेवा. पण एक गोष्ट माहीत असू द्या, हा मेसेज तुमच्या फोनला इंटरनेट असेल तरच जातो. होम मैदानावरच्या गर्दीत नेटवर्कची काय अवस्था असते तुम्हाला माहितीय, तिथं दोन-तीन तास फोनला रेंज नसली की तेवढा वेळ समोरच्याला काहीच उत्तर नाही. धंद्याचा फोन घरी वायफायवर चार्जिंगला लावून ठेवा आणि स्वतःचा घेऊन फिरा.

मोठ्या साइटवर वेगळा हिशोब आहे. तिथं तुमची नोटीस कुणी वाचत नाही, तिथं सेटिंगच बोलतं. सुट्टीचं सेटिंग लावलं की माल दिसायचा बंद होतो, पण लगेच नाही, काही तास जातात, आणि त्याआधी आलेल्या ऑर्डरी साइटनं दिलेल्या तारखेच्या आत पाठवायलाच लागतात. म्हणून तिथं ९ ला नाही, ८ ला सकाळीच बंद करा, म्हणजे जे येईल ते शनिवारच्या पिकअपला बसेल. परत चालू १९ ला करू नका, २१ ला संध्याकाळी करा, नाहीतर ९५ पार्सलांच्या मधे साइटच्या तारखा घुसतात आणि तुमचा क्रम मोडतो. चालू करताना हँडलिंगचे दिवस, म्हणजे ऑर्डर आल्यापासून पार्सल निघेपर्यंतचे दिवस, एकदोननं वाढवून ठेवा, २७ नंतर परत कमी करा. यात थोडा धंदा जातो, जाऊ द्या. आणि हे हलकं घेऊ नका, २०२० च्या ई-कॉमर्सच्या ग्राहक नियमांत आहे की सांगितलेल्या तारखेपेक्षा उशिरा माल पोचला तर विक्रेत्याला माल परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नाही म्हणता येत नाही. अचानक आलेल्या संकटाला त्यात सूट आहे, पण यात्रा काही अचानक येत नाही.

कॅश ऑन डिलिव्हरी ९ च्या दुपारी बंद करा, १९ पर्यंत. दहा दिवस थांबलेला सीओडी ग्राहक दारात पार्सल घेत नाही, त्यानं तोपर्यंत दुसरीकडून घेतलेलं असतं किंवा विसरलेला असतो, आणि आरटीओ, म्हणजे 'रिटर्न टू ओरिजिन', होऊन चादर तुमच्याकडंच परत येते, जड वस्तू असल्यामुळं भाडं पण जास्त. काही सीओडी आधीच आलेले असतील तर पॅक करायच्या आधी "पाठवू का?" असा एक मेसेज टाका, उत्तर नाही आलं तर पाठवू नका.

नोटीस नीट जमली का हे येणाऱ्या प्रश्नांवरून कळतं. "चालू आहे का?" असं विचारत असतील तर नोटीस पोचलीच नाही, परत टाका. "माझं कधी निघणार?" असं विचारत असतील तर पोचली पण तारखांच्या ओळी कळल्या नाहीत, बहुतेक ९ आणि १२ च्या मधल्या दिवसांचा गोंधळ असतो. "कधी मिळेल?" असं विचारत असतील तर नोटीस बरोबर आहे, फक्त त्या माणसाच्या गावाचे दिवस सांगा आणि सोडून द्या.

राहिली गोष्ट १९ नंतरची. थांबलेल्या ऑर्डरी पेमेंटच्या वेळेनं लावून वहीत नंबर टाका आणि त्याच क्रमानं पॅक करा, जो जास्त मेसेज करतो त्याचं आधी असं करू नका, नाहीतर शांत बसलेल्या ग्राहकाचं पार्सल २३ ला पण निघत नाही. बुधवारी २१ ला संध्याकाळी पिकअप झाला की ९५ मधली किती उरलीत ते मोजा. हिशोबानं २० उरायला हवीत. ४०-५० असली तरी हरकत नाही, गुरुवार-शुक्रवार मिळून ६० जातात. पण ६० च्या वर उरली असतील तर २३ काही गाठता येत नाही, मग वहीत ज्यांचे नंबर सगळ्यात शेवटी आहेत त्यांना त्याच रात्री मेसेज टाका: "तुमचं पार्सल २३ ऐवजी शनिवारी २४ ला निघेल, नको असेल तर सांगा, पैसे परत करते." नवी तारीख आधी तुमच्याकडून गेली तर बहुतेक जण "चालेल" म्हणतात. तीच गोष्ट शनिवारी सकाळी त्यांनी विचारल्यावर सांगितलीत तर निम्मे पैसे परत मागतात.